लांज्याच्या पावसात गोठ्यावर कुठला पत्रा? लोखंडी, सिमेंटचा की पॉलिकार्बोनेट

चिरेबंदी_लांजा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात आमचा गोठा आहे, चार गायी आणि दोन वासरं. वडिलांनी चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं असा बांधला होता. कौलांना नाव ठेवायला जागा नाही, पण गेली पाच-सहा वर्षं वानरांनी उच्छाद मांडलाय. दर मे महिन्यात दोन-अडीचशे कौलं बदलायची आणि जुलैत पुन्हा बादल्या घेऊन गळती शोधत फिरायचं, हे आता आईला आणि मला झेपत नाही. म्हणून छपराला आधार देणाऱ्या लोखंडी तिकोनी कैच्या उभ्या करून पत्रा घालायचं ठरवलंय.

मोजमाप असं आहे. लांबी पूर्व-पश्चिम 30 फूट, रुंदी 20 फूट, मधोमध आढं आणि दोन पाखी. पश्चिमेकडची 20 फूट गुरांना, पूर्वेकडची 10 फूट पेंढा आणि कडबाकुट्टीला. फॅब्रिकेटरने आढं भिंतीच्या वर 2 फूट धरलंय आणि पत्रा ज्यावर टेकतो ते आडवे पर्लिन 5-5 फुटांवर.

पत्र्यावरून घरात एकमत नाही. दुकानदार म्हणतो रंगीत पत्रा घ्या. चुलते म्हणतात सिमेंटचाच, गुरांना गार लागतो. मेहुणे म्हणतात पॉलिकार्बोनेट टाका, लख्ख उजेड येईल. पाऊस आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि झड पश्चिमेकडून येते. गोठ्यावर जे प्रत्यक्ष टिकलंय तेच सांगा.

---

देशावरचा_गडी

दादा, फार विचार करू नका. रंगीत पत्रा घ्या, 0.35 मिलिमीटर जाडीचा पुरतो. बारामतीजवळ माझा मुक्त गोठा आहे, पंचवीस गायी, पत्र्याला बारा वर्षं झाली. एक थेंब गळत नाही की गंजाचा डाग नाही. सिमेंटचा पत्रा ट्रॅक्टरमधून उतरवतानाच चार फुटतात.

---

मांगरवाली

देशावरचे दादा, तुमचा गोठा चारी बाजूंनी उघडा असणार. आमच्या राजापुराकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोठ्याला झापं नाहीतर ताडपत्री लावून आडोशाच्या झडी बांधाव्या लागतात, नाहीतर गुरं भिजतात. चार महिने गोठा बंद डब्यासारखा असतो.

माझाच अनुभव सांगते. 2014 ला चांगल्या दुकानातून रंगीत पत्रा आणला, वरून हिरवा, खालून पांढरट. पाचव्या वर्षी भाऊ वर चढला तर वरून अगदी नव्यासारखा. आणि खाली गोठ्यात उभं राहून मी पाहिलं तर मूत्राची नाली जिथून जाते बरोबर त्याच्या वर रंगाचे फुगे आलेले. खराट्याच्या दांड्याने टोचलं तर पापुद्रा माझ्या डोक्यावर पडला आणि त्याच्या मागे तांबूस भुगा. सातव्या वर्षी तिथून आभाळ दिसायला लागलं. शेजारी पेंढ्याच्या खोलीवर त्याच दिवशी, त्याच गठ्ठ्यातला पत्रा घातला होता. तो आजही ठणठणीत आहे.

---

देशावरचा_गडी

हो ताई, उघडाच आहे. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे वाराच एवढा की गोठ्यात वास म्हणून राहत नाही.

---

रसायनी_मास्तर

मांगरवालीताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. तीस वर्षं रंग आणि लेपाच्या धंद्यात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेण-मूत्रातून अमोनिया निघतो. तो हलका, वर जातो आणि पत्र्याच्या पोटाशी साठतो. पावसाळ्यात पहाटे पत्रा बाहेरून पावसाने गार असतो आणि आत गुरांच्या श्वासाची उबदार, दमट हवा असते, म्हणून पत्र्याच्या पोटाला घाम सुटतो. त्या थेंबात अमोनिया विरघळला की थेंब अल्कधर्मी होतो. लोखंडावरचा जस्ताचा किंवा जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा लेप साध्या पावसाच्या पाण्याला वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण या थेंबापुढे टिकत नाही. ज्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात त्याच्या लेपात वजनाने 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला अल्क अजिबात सोसत नाही. म्हणूनच या पत्र्यांच्या हमीपत्रात जनावरं बांधण्याची बंदिस्त जागा बहुधा वगळलेली असते. घेण्याआधी तो बारीक अक्षरातला मजकूर वाचून पाहा.

रंगीत पत्र्याचा वरचा रंग जाड असतो. खालच्या बाजूला नुसता पातळ अस्तराचा हात असतो. पाऊस वरून पडतो या हिशेबाने तो बनवलेला आहे. बंद गोठ्यात मारा खालून होतो.

---

नाना_फॅब्रिकेटर

मास्तरांचं खरं आहे. देवरूख-साखरपा पट्ट्यात गेली बावीस वर्षं शेड उभ्या करतोय. जुना पत्रा उतरवला की तो वरून न बघता पालथा करून बघायची मला सवय लागली आहे. आधी पिठासारखी पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं, ती जस्ताची. मग तांबूस. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यात ओल अडकून राहते, तिथे सगळ्यात आधी.

पण चिरेबंदी, तुम्ही पत्रा विचारताय आणि मला तुमच्या कैचीची काळजी वाटते. अर्धी रुंदी 10 फूट, त्यावर 2 फूट चढ, म्हणजे पाचाला एक. एवढ्या उतारावर लोखंडी पत्रा चालेल, कारण तो वळचणीपासून आढ्यापर्यंत एकसंध लांबीत मिळतो, मध्ये आडवा सांधा येत नाही. सिमेंटचा पत्रा जास्तीत जास्त 3 मीटरचा. तुमच्या पाख्याला दोन पत्रे एकाखाली एक येणार, मध्ये सहा इंचांचा आडवा सांधा. झडीचा वारा पाण्याला उलटं वर ढकलतो आणि कमी उतारावर ते त्या सांध्यातून आत येतं. कोकणात सिमेंटच्या पत्र्याला मी तिनाला एकपेक्षा कमी उतार देत नाही. म्हणजे तुमचं आढं 2 नाही, 3 फूट 4 इंच.

दुसरं, पर्लिन. 6 मिलिमीटरच्या सिमेंट पत्र्याला दोन पर्लिनमध्ये जास्तीत जास्त 1.4 मीटर अंतर चालतं, म्हणजे साडेचार फुटांहून थोडं जास्त. तुमच्या फॅब्रिकेटरने 5 फूट ठेवलंय, ते लोखंडी पत्र्याच्या हिशेबाने. त्यावर सिमेंटचा घातलात तर दोनेक पावसाळ्यांत केसासारख्या चिरा पडतील.

वजनही बघा. तुमचं अख्खं छप्पर लोखंडी 0.5 मिलिमीटरमध्ये तीनशे-सव्वातीनशे किलोत बसेल. सिमेंटमध्ये अकराशे किलोच्या आसपास. कैची ठरवण्याआधी पत्रा ठरवा, नाहीतर कैचीच तुमच्या वतीने पत्रा ठरवून मोकळी होते.

---

गच्चीवाला_डोंबिवली

आमच्या इमारतीच्या गच्चीवर शेड घातलीय, तिला स्क्रूपाशी गळती आहे. त्यावर डांबर लावावं का?

---

नाना_फॅब्रिकेटर

@गच्चीवाला, डांबर नको, एका उन्हाळ्यात तडकतं. स्क्रूखालचा काळा रबरी वायसर बघा. मशीन दाबून धरल्यामुळे तो चेपून बाहेर आलेला असेल. स्क्रू काढून एक नंबर जाड स्क्रू नव्या वायसरसकट घाला आणि वायसर टेकला की थांबा. गळती शोधताना एक लक्षात ठेवा: पाणी पर्लिनच्या अंगावरून चार-चार फूट धावतं आणि मग टपकतं. थेंबाच्या बरोबर वर भोक सापडलं नाही तर चढाच्या दिशेने शोधत जा.

---

सायली_दापोली

पॉलिकार्बोनेटबद्दल मी सांगू शकते. आमच्याकडे सुपारी वाळवायला पॉलिकार्बोनेटची शेड आहे, सहा वर्षं झाली. सुपारीला याच्यासारखी सोय नाही. सप्टेंबरात मध्येच सर आली तरी धावाधाव नाही, आणि आत इतकं तापतं की सुपारी लवकर वाळते. तेच तापणं गायीला कसं सोसेल? मे महिन्यात दुपारी मी आत पाच मिनिटं थांबू शकत नाही.

घालताना आमच्याकडून दोन चुका झाल्या. पत्र्याच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो आणि त्या बाजूच्या प्लास्टिकवर तसं छापलेलं असतं. कामगाराने चिकटलेलं प्लास्टिक आधीच सोलून टाकलं, आणि दोन पत्रे उलटे बसले. ते तिसऱ्या वर्षी पिवळे पडले आणि चौथ्या वर्षी हातात मोडले, बाकीचे अजून साफ आहेत. दुसरी चूक म्हणजे भोकं स्क्रूच्या मापाचीच पाडली. हे पत्रे उन्हात वाढतात आणि रात्री आकसतात. आमच्या 3 मीटरच्या पत्र्यात दुपार आणि पहाट यांत सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. भोकाला जागा नव्हती, म्हणून प्रत्येक स्क्रूपासून तारा फुटल्यासारख्या चिरा गेल्या.

---

रसायनी_मास्तर

सायलीताईंच्या लिहिण्यात भर घालतो. पॉलिकार्बोनेटलाही अमोनिया चालत नाही. तो प्लास्टिकची साखळीच तोडतो, पत्रा धुरकट आणि ठिसूळ होतो. म्हणजे गुरांच्या बरोबर वर तो घालायचा नाहीच. आणखी एक, मऊ पीव्हीसीचे वायसर किंवा पट्टी त्याच्याखाली घालू नका. पीव्हीसी मऊ ठेवणारं तेल झिरपतं आणि पत्र्याला चिरा पाडतं.

---

चिरेबंदी_लांजा

मेहुणेही हा धागा वाचतायत, त्यांचा आत्ताच फोन येऊन गेला. पॉलिकार्बोनेटचा हट्ट त्यांनी सोडला.

नाना, तुम्ही कैचीचं सांगितलंत हे फार बरं झालं. मी आजच काम थांबवायला सांगितलं, अँगल अजून कापलेले नाहीत. आता प्रश्न असा की सिमेंटच्या पत्र्याला अमोनिया काही करत नाही का?

---

रसायनी_मास्तर

सिमेंट स्वतःच अल्कधर्मी आहे, त्यामुळे अमोनियाने त्याचं बिघडत नाही. बिघडतात ते हुक आणि नट. तेवढे गरम जस्तात बुडवलेले घ्या आणि पाच-सहा वर्षांनी तपासा. पत्रा थोडा पाणीही पितो, त्यामुळे पोटाला घाम सुटला तरी लोखंडासारखे थेंब गुरांच्या पाठीवर पडत नाहीत.

पहिल्या पावसात पत्र्याच्या खालच्या बाजूला ओलसर काळपट डाग दिसले तर घाबरू नका. नव्या सिमेंट पत्र्यात ओल दिसणं चालतं, थेंब धरला तर मात्र दोष.

---

लेस्टरहून_वसुधा

सिमेंटच्या पत्र्यात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉसचे धागे असतात, त्याबद्दल मला इथे कुणीच बोललेलं दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मी 18 वर्षं ब्रिटनमध्ये आहे. इथे 1999 पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. आमच्या शेजारच्या फार्मवर गुरांच्या शेडचे जुने पत्रे काढायला आले ती माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात होती आणि प्रत्येक पत्रा प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेला. माझ्या माहेरी संगमेश्वरला तेच पत्रे काका करवतीने कापायचे आणि आम्ही मुलं तिथेच त्या पांढऱ्या भुग्यात खेळायचो. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. कृपा करून घेऊ नका.

---

आंबोलीचो_बाबलो

वसुधाताई, तुमची काळजी बरोबर आहे, पण सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉसच असं आता राहिलेलं नाही. त्याच्याऐवजी दुसरे धागे घालून केलेले पत्रेही मिळतात, थोडे महाग. दुकानात 'ॲस्बेस्टॉस नसलेला' असं तोंडी सांगतात ते ऐकू नका, पत्र्यावरचा छाप आणि बिल बघा.

आमच्या आंबोलीत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माझ्या आजोबांनी घातलेले सिमेंटचे पत्रे गोठ्यावर चाळीस वर्षं होते. शेवाळ वीतभर, पण गळत नव्हते. एकच नियम होता: त्यावर पाय द्यायचा नाही. चढायचं असेल तर दोन पर्लिनवर टेकेल अशी फळी टाकायची. एकदा शेजारचा मुलगा बॉल काढायला गेला आणि पत्र्यासकट खाली दावणीत पडला. पेंढा होता म्हणून वाचला.

---

लेस्टरहून_वसुधा

ठीक, नवा पत्रा तसा मिळत असेल तर माझा विरोध नाही. पण तुमच्या आजोबांचे ते चाळीस वर्षांचे पत्रे काढून कुठे टाकले? फोडून रस्त्याच्या खड्ड्यात भरले असतील तर भुगा गावातच राहिला ना.

---

आंबोलीचो_बाबलो

खरं सांगू? खड्ड्यातच भरले. तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं. आता कुणी काढत असेल तर पाणी मारत मारत, न फोडता, अख्खे उतरवा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. त्यापुढे गावात ते कुठे द्यायचे याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

मंडणगडचा_भाऊ

वाऱ्याचं कुणी बोललं नाही. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या घराचं लोखंडी छप्पर एका तुकड्यात उठलं आणि काजूच्या बागेत जाऊन पडलं. पत्रा, स्क्रू, पर्लिन सगळे एकत्र. पत्रा धरून राहिला, पण पर्लिन कैचीला वेल्डिंगच्या नुसत्या दोन टिपक्यांनी जोडलेलं होतं. आमचे सिमेंटचे पत्रे तसे उडाले नाहीत. कडेचे चौदा फुटले, बाकी राहिले. फुटलेल्यांच्या जागी नवे पत्रे आणून गणपतीच्या आत छप्पर पुरं केलं. म्हणून मी सिमेंटच्या बाजूचा.

---

नाना_फॅब्रिकेटर

भाऊ, निम्मं बरोबर. त्याच वादळात मी उलटही पाहिलंय, सिमेंटचं अख्खं पाखं चुरा झालेलं आणि शेजारचा लोखंडी पत्रा जागच्या जागी. वादळात पत्र्याच्या जातीपेक्षा काठ जास्त महत्त्वाचा. वळचण, दोन्ही टोकं आणि आढं इथे वारा खालून उचल देतो. त्या काठच्या तीन फुटांत लोखंडी पत्र्याला प्रत्येक कण्यावर, म्हणजे उंच वळीवर, स्क्रू मारा, मध्ये एकाआड एक चालतो. सिमेंटचा पत्रा वळचणीला एक फुटाहून जास्त लोंबकळत ठेवू नका. आणि पर्लिन कैचीला क्लीट, म्हणजे अँगलचा छोटा तुकडा, लावून नटबोल्टने बांधा, नुसतं वेल्डिंग पुरत नाही.

---

मांगरवाली

आणि वानरांचं? तेच तर मूळ दुखणं आहे ना चिरेबंदींचं. झाडावरून मोठा हुप्प्या सिमेंटच्या पत्र्यावर उडी मारतो तेव्हा काय होतं?

---

आंबोलीचो_बाबलो

आमच्याकडे एकही फुटला नाही. पण वर फांदी नव्हती.

---

सायली_दापोली

आमच्या शेजाऱ्यांचे दोन फुटले, पण ते नारळ पडून की वानराने यावरून त्यांच्या घरात अजून वाद आहे.

---

नाना_फॅब्रिकेटर

छपरावर येणारी फांदी आधी तोडा. त्यापुढे खात्री मी देत नाही. चार-पाच पत्रे जास्तीचे आणून ठेवा, पुढे त्याच मापाचे मिळतील असं नाही.

चिरेबंदी, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. गुरांच्या 20 फुटांवर सिमेंटचा, पेंढ्याच्या 10 फुटांवर लोखंडी रंगीत. पेंढ्याखाली अमोनिया नाही, आणि पेंढ्याला एकसंध पत्रा हवा, कारण एका जागी गळलं की गंजी कुजते. दोन्ही पत्र्यांच्या नागमोडी जुळत नाहीत, तेव्हा त्यांना एका पातळीत जोडायचा प्रयत्न करू नका. पेंढ्याचं छप्पर नऊ इंच खाली घ्या आणि गुरांचं छप्पर त्यावर फूटभर पुढे येऊ द्या. झड पश्चिमेची आणि पेंढा पूर्वेला, म्हणजे त्या सांध्याचं तोंड वाऱ्याच्या आडोशाला येतं.

सिमेंटचा पत्रा घालायला सुरुवातही पूर्वेच्या टोकापासून करा आणि पश्चिमेकडे सरका. म्हणजे पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढतो आणि उभ्या सांध्याचं तोंड पूर्वेला राहतं. पश्चिमेकडून सुरुवात केलीत तर प्रत्येक सांधा झडीला तोंड वासून बसेल.

आणि चार पत्र्यांचे कोपरे जिथे एकत्र येतात तिथे दोन पत्र्यांचे कोपरे तिरपे कापावेच लागतात. नाहीतर चार जाडी एकावर एक येऊन वरचा पत्रा उचललेला राहतो. कामगार कंटाळा करतात. उभं राहून करून घ्या. कापताना पाणी मारायचं, भोक कण्याच्या माथ्यावर ड्रिलने पाडायचं, हुकापेक्षा 3 मिलिमीटर मोठं. खिळा ठोकून भोक पाडलं तर तिथूनच चीर निघते.

---

देशावरचा_गडी

नाना, एक शंका. गुरांवर लोखंडीच घातला आणि आढ्याला हवा जायला फट ठेवली तर? अमोनिया निघून जाईल ना?

---

रसायनी_मास्तर

फट तर कुठलाही पत्रा घातला तरी हवी, गायीच्या फुप्फुसांसाठी. आढ्याला पाच-सहा इंचांची फट आणि वर रुंद टोपी. लोखंडाचं आयुष्य त्याने वाढेल. पण झडी लावल्यावर खालून हवा आत आली नाही तर वरची फट काय ओढणार? झापं जमिनीपासून फूटभर सोडून बांधली तर फरक पडतो. तेवढ्याने लोखंडी पत्रा किती वर्षं वाढेल हे मात्र प्रत्येक गोठ्याच्या शेण काढण्यावर ठरेल.

---

चिरेबंदी_लांजा

ठरलं. नानांच्या सांगण्याप्रमाणे आढं 3 फूट 4 इंच, गुरांवर ॲस्बेस्टॉस नसलेला सिमेंटचा. हिशेब मांडला तो कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. 20 फूट लांबी, दोन्ही टोकांना एकेक फूट जास्त, म्हणजे 22 फूट, साधारण 6.7 मीटर. पत्र्याची रुंदी 1.05 मीटर, चढवल्यावर 1.01 हाती लागते. म्हणजे एका ओळीत 7 पत्रे. पाख्याची लांबी वळचणीसकट साडेअकरा-बारा फूट, 2 मीटरचे दोन पत्रे सहा इंच चढवून 3.85 मीटर होतात. दोन ओळी, दोन पाखी, एकूण 28. वर 4 जास्तीचे. पर्लिन आता तीन फुटांवर घेतोय.

कडबाकुट्टीवर लोखंडी पत्र्याच्या मापाचा एकच पॉलिकार्बोनेट पत्रा, छाप असलेली बाजू वर. मेहुण्यांचाही मान राहिला.

---

गावाकडचा_शिक्षक

पंचायत समितीत रोजगार हमीतून गोठ्याचं अनुदान मिळतं, ते पाहिलंत का? त्यात मोजमाप ठरलेलं असतं, आधी मंजुरी घ्या आणि मगच काम सुरू करा.

---

चिरेबंदी_लांजा

सर, धन्यवाद. चौकशी केली, पण मंजुरीपर्यंत थांबलो तर मिरग गाठतो. यंदा स्वखर्चानेच.

---

चिरेबंदी_लांजा

(जुलै) मंडळी, धागा वर काढतोय. छप्पर 22 मे ला पुरं झालं. उतरवताना दोन पत्रे फुटले, जास्तीचे होते म्हणून अडलं नाही.

जूनच्या पहिल्या पावसात मास्तरांनी सांगितले होते तसेच काळपट डाग दिसले. आई घाबरली, तिला हा धागा वाचून दाखवला. आठवड्याने डाग कमी झाले. गुरांच्या पाठी कोरड्या आहेत, आणि पावसाचा आवाज कौलांइतकाच, पेंढ्याच्या बाजूला मात्र ताशा वाजतो.

एका जागी गळती निघाली. परवा रात्री दीड वाजता मोठी झड आली तेव्हा टॉर्च घेऊन गेलो. थेंब लाल गायीच्या दावणीवर पडत होता आणि वर भोक नव्हतं. नानांचं आठवलं, पर्लिनवर बोट फिरवत चढाकडे गेलो. तीन फुटांवर पर्लिन ओलं आणि पुढे कोरडं. तिथे टॉर्च मारला तर चार पत्र्यांचे कोपरे, आणि मधून बोट जाईल एवढी फट. दुपारी जेवायला घरी गेलो होतो, तेवढ्यात ती एक जागा कामगाराने न कापता चढवलेली दिसतेय. बाकी सगळे कोपरे कापलेले आहेत.

नाना, आता भर पावसात हे उघडावं का? वर शेवाळाची निसरड सुरू झालीय.

---

नाना_फॅब्रिकेटर

अजिबात वर जाऊ नका. ओल्या सिमेंट पत्र्यावर फळी टाकूनही मी माझा माणूस चढवत नाही. खालूनच त्या फटीत फोमची पट्टी दाबून भरा, आणि पर्लिनवरून पाणी धावू नये म्हणून त्याच्या खालच्या अंगाला सुतळी बांधा. थेंब सुतळीवरून खाली येईल, दावणीपासून दूर सोडा. दसऱ्यानंतर दोन हुक सैल करून वरचा पत्रा उचलू आणि कोपरा कापू. मी स्वतः येतो, तुमच्या छपराचं पोटही बघायचंय.

---

मांगरवाली

नाना, लांज्याला याल तेव्हा राजापूरही वाटेतच समजा. माझ्या गोठ्याची सात वर्षांची कैची पाचाला एकच आहे. ती न बदलता सिमेंटचा घालता येईल का, की आधी कैचीच उचलावी लागेल?

---

नाना_फॅब्रिकेटर

ताई, पाचाला एकवर मी घालणार नाही. पण खांबावरून कैची सोडवून वर मधोमध उंच करता येते का ते अँगलची जाडी बघून सांगतो. एक फोटो टाका, जोड जवळून दिसेल असा.